मॉक इंटरव्ह्यूचा तक्ता: गुण उत्तराला द्यायचे की बोलण्याच्या ढंगाला?

*सर, मी धुळे जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडला निदेशक आहे. दुसऱ्या वर्षाच्या २० मुलामुलींचे आम्ही मॉक इंटरव्ह्यू घेतले. फॉर्मवर ‘संवाद’, ‘ज्ञान’, ‘व्यावसायिक वर्तन’ असे तीन रकाने, प्रत्येकाला १० गुण. परीक्षक दोघे: मी आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे मेंटेनन्स सुपरवायझर. बहुतेक मुलं सहा-सातवर अडकली, पण दोघांवरून आमचं जमेना.*

*प्रश्न होता: ‘थ्री फेज मोटर चालू केली की नुसती गुणगुणते, फिरत नाही. काय करशील?’ शहरातला एक मुलगा म्हणाला, ‘सर, मी प्रथम प्रॉब्लेमचं ॲनालिसिस करीन, सेफ्टी फर्स्ट ठेवून सिस्टिमॅटिकली ट्रबलशूटिंग करीन आणि गरज पडल्यास मोटर रिप्लेस करीन.’ मी तिन्ही रकान्यांत आठ दिले, सुपरवायझरनी चार. साक्रीकडचा दुसरा मुलगा खाली बघत, अडखळत म्हणाला, ‘पयले मेन बंद करसू. मंग फ्यूज उडेल शे का ते देखसू. तिन्ही फेज बराबर व्हतीन, ते मोटरनं कनेक्शन खोलीसन वाइंडिंग देखसू.’ मी चार दिले, त्यांनी आठ. शेवटी सरासरी काढून दोघांना सहा-सहा टाकले, पण मनाला पटलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा इंटरव्ह्यू आहेत. तक्ता कसा बनवू? आणि अहिराणीत बोलल्याचे गुण कापायचे की नाही?*

मॅडम,

मुलांची उत्तरं तुम्ही शब्दशः उतरवून ठेवलीत, म्हणून या पत्राला नीट उत्तर देता येतंय. बहुतेक ठिकाणी नुसता आकडा उरतो आणि तो कशासाठी दिला हे चार दिवसांनी देणाऱ्यालाही आठवत नाही.

आधी सरासरीचं बघू. आठ आणि चार यांची सरासरी सहा येते खरी, पण सहाचं उत्तर दोघांपैकी एकाचंही नव्हतं. दोन परीक्षकांमध्ये एवढी तफावत पडते तेव्हा ते दोन वेगळ्या गोष्टी मोजत असतात. तुम्ही सफाई मोजलीत, सुपरवायझरनी काम मोजलं. फॉर्मवर नुसतं ‘संवाद : १०’ लिहिलेलं असलं की ज्याने त्याने आपल्या मनातला संवाद मोजायचा. बाकीची मुलं सहा-सातवर अडकली त्याचंही मूळ तेच. कशाला किती द्यायचे हे ठरलेलं नसलं की हात आपोआप मधल्या आकड्यावर जातो, कारण तिथे कोणी वाद घालत नाही.

म्हणून दहाचा रकाना काढून टाका. प्रत्येक शीर्षकाखाली तीन ओळी करा आणि प्रत्येक ओळीला ० ते ३ अशा चारच पायऱ्या ठेवा. चार अशासाठी की मध्ये बसायला जागा राहत नाही. परीक्षकाला एक किंवा दोन यांत निवड करावीच लागते. ज्ञानाच्या ओळींना दुप्पट वजन द्या, म्हणजे संवादाचे ९, ज्ञानाचे १८, वर्तनाचे ९, एकूण ३६. हे वजन इलेक्ट्रिशियनसाठी सांगतोय. हॉस्पिटॅलिटीच्या किंवा ब्युटीशियनच्या मुलींसाठी संवादाचं वजन वाढवावं लागेल, तिथे गिऱ्हाईकाशी बोलणं हेच निम्मं काम असतं.

आकडेमोड इथे संपली. खरी मेहनत आहे ती प्रत्येक पायरीसमोर काय लिहायचं यात. ‘उत्तम’, ‘चांगले’, ‘बरे’, ‘सुधारणा हवी’ असं लिहिलंत तर पुन्हा मूळ पदावर याल. पायरीचं वर्णन असं हवं की परीक्षकाने डोळ्यांनी पाहिलं किंवा कानांनी ऐकलं एवढ्यावरच टिक करता यावी. ‘आत्मविश्वास’ दिसत नाही. ‘प्रश्न न कळल्यावर पुन्हा विचारला’ हे ऐकू येतं.

तुमचाच मोटरचा प्रश्न घेऊन एक ओळ पूर्ण लिहून दाखवतो. ज्ञानाखालची पहिली ओळ: दोष शोधण्याचा क्रम.

शून्य : क्रमच नाही. ‘मोटर बदलीन’, ‘रिवाइंडिंगला पाठवीन’, ‘सरांना विचारीन’ यापुढे जात नाही.

एक : फ्यूज, स्टार्टर, वाइंडिंग अशा बरोबर जागा सांगतो, पण उड्या मारत. आधी मोटर खोलतो, सप्लाय नंतर आठवतो.

दोन : सप्लायकडून मोटरकडे क्रमाने जातो. मेन, फ्यूज, स्टार्टरचे काँटॅक्ट, मोटरची टर्मिनल्स, मग वाइंडिंग.

तीन : तोच क्रम, आणि प्रत्येक ठिकाणी कशाने मोजणार, काय आलं तर काय समजणार हेही सांगतो.

आता साक्रीच्या मुलाचं उत्तर यावर ठेवा. मेन बंद, फ्यूज, तिन्ही फेज, मग कनेक्शन खोलून वाइंडिंग. स्टार्टर राहिला, पण दिशा सप्लायकडून मोटरकडे आहे. दोन गुण, आणि त्यावर तुमचा नि सुपरवायझरचा वाद व्हायचं कारण नाही. शहरातल्या मुलाच्या उत्तरात ॲनालिसिस आहे, सिस्टिमॅटिकली आहे, पण फ्यूज नाही, फेज नाही, स्टार्टर नाही. कृती म्हणून एकच आहे, ती म्हणजे मोटर बदलणं. शून्य. तुम्हाला ते उत्तर चांगलं वाटलं यात नवल नाही; एम्प्लॉयबिलिटी स्किल्सच्या तासाला आपणच त्यांना तसं बोलायला शिकवतो. पण ते वाक्य गिरणीच्या मोटरला लावा नाहीतर शाळेच्या वेळापत्रकाला, कुठेही चालेल. जे उत्तर प्रश्नातली मोटर काढून टाकली तरी जसंच्या तसं टिकतं, त्याला ज्ञानाचे गुण नाहीत, एवढं परीक्षकाने लक्षात ठेवावं.

दोन आणि तीन यांत फरक कशाने पडतो तेही सांगतो, कारण सुपरवायझर लोक कान तिथेच लावून असतात. मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा पहिला संशय एक फेज गेल्याचा. पुष्कळ मुलं म्हणतात, ‘टेस्टर लावून तिन्ही फेज बघीन.’ मोटर जोडलेली असताना हा टेस्टर फसवतो. गेलेल्या फेजच्या टर्मिनलवर उरलेल्या दोन फेजांचा दाब वाइंडिंगमधून फिरून येतो आणि निऑनचा टेस्टर तिथेही पेटतो. मुलगा म्हणतो तिन्ही आहेत, आणि मग चांगली मोटर उघडत बसतो. मल्टिमीटरने दोन-दोन फेजांमध्ये मोजलं तर चोरी सापडते : एका जोडीत ४१५ व्होल्टच्या आसपास, उरलेल्या दोन जोड्यांत साधारण निम्मे. हे मोजमाप लवकर उरकायचं, कारण अडलेली मोटर करंट जास्त ओढते आणि तापते. ‘टेस्टर नाही, मीटर लावीन, फेज-टू-फेज’ एवढं वाक्य ज्याच्या तोंडून आलं त्याने हे हाताने केलंय. मग तो ते अहिराणीत म्हणो, नाहीतर भिलीमिश्रित मराठीत. तीन गुण.

ज्ञानाची दुसरी ओळ कारणाची. ‘मोटर का गुणगुणते?’ हा जोडप्रश्न तुम्ही दोघांनाही विचारलेला दिसत नाही. दोनच फेजांवर फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होत नाही, म्हणून थांबलेल्या रोटरला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. हे ज्याला सांगता येतं तो उद्या दुसरा दोषही स्वतः शोधेल. इथे एक नियम करा: जे विचारलं नाही त्याला शून्य द्यायचं नाही, रकाना रिकामा ठेवायचा. रिकामा रकाना ही परीक्षकाची चूक समजावी, मुलाची नव्हे. यासाठीच प्रत्येकाला तेच मुख्य प्रश्न आणि तेच जोडप्रश्न, त्याच क्रमाने विचारायचे. एकाला मोटर आणि दुसऱ्याला ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघतोस’ असं विचारून गुणांची तुलना होत नसते.

तिसरी ओळ सुरक्षेची, आणि ही बेरजेत हरवू द्यायची नाही.

‘सेफ्टी फर्स्ट’ म्हणणं ही सुरक्षा नव्हे. साक्रीचा मुलगा ‘पयले मेन बंद करसू’ म्हणाला ती कृती आहे. पण पूर्ण कृती तीही नाही. पुढे विचारा, ‘मेन बंद केलास. सप्लाय गेलाय हे कशावरून?’ पूर्ण उत्तर असं : मेन बंद करून कुलूप किंवा ‘काम चालू आहे’ची पाटी लावीन, टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो चालतो याची खात्री करीन, मग कामाच्या जागी तिन्ही फेज तपासीन, आणि पुन्हा एकदा चालू लाइनवर टेस्टर बघीन. शेवटचं तपासणं मुलं हमखास विसरतात. मधल्या वेळात टेस्टरच गेला असेल तर ‘सप्लाय नाही’ हा निष्कर्ष जिवावर बेततो. एवढं सगळं सांगितलं तर तीन. न विचारता मेन बंद केलं तर दोन. आठवण दिल्यावर सुचलं तर एक. आठवण देऊनही चालू सप्लायवर हात घालायला निघाला तर शून्य.

दुसरा जोडप्रश्न असा : ‘फ्यूज उडालेला सापडला. आता?’ आपल्याकडे विहिरीवरच्या स्टार्टरशेजारच्या किटकॅटमध्ये जाड तार पिळून टाकलेली मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. केळीला पाणी द्यायचंय, लाइट रात्रीची आहे, कोण फ्यूज वायर शोधत बसतो! त्यामुळे ‘जाड तार टाकू’ हे उत्तर अगदी निरागसपणे येतं. तिथे शून्य द्या, आणि का दिलं ते त्याच दिवशी सांगा. जाड तार वितळत नाही, म्हणून पुढच्या वेळी वाइंडिंग जळतं. बरोबर उत्तर म्हणजे फ्यूज का उडाला ते आधी शोधणं, सप्लाय तोडून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंगचं इन्सुलेशन बघणं, ते एक मेगओहमच्या खाली असेल तर मोटर न जोडणं, आणि सगळं ठीक असेल तर त्याच रेटिंगचा फ्यूज घालणं.

सुरक्षेच्या ओळीत शून्य पडलं तर बाकीची बेरीज ३० आली तरी निकाल ‘पुन्हा’ असाच लिहायचा. ही अट तक्त्याच्या डोक्यावर ठळक छापा. छान बोलणं आणि चकचकीत बूट यांच्या गुणांनी हे शून्य भरून निघत असेल तर तो तक्ता मुलाला कारखान्यात नव्हे, दवाखान्यात पाठवेल.

आता तुमचा खरा प्रश्न, अहिराणीचा. गुण कापायचे नाहीत. पण नुसतं ‘कापू नका’ म्हणून भागत नाही, कारण संवाद तर मोजायचाच आहे. मग मोजायचं काय? शिफ्टमध्ये इलेक्ट्रिशियनला ज्या बोलण्याची गरज पडते ते. मी तीन ओळी ठेवीन. पहिली, विचारलं त्यालाच उत्तर दिलं का. दुसरी, ऐकणाऱ्याला पाठोपाठ जाता येईल अशा क्रमाने सांगितलं का. तिसरी, प्रश्न कळला नाही तेव्हा काय केलं : पुन्हा विचारलं, की अंदाजाने काहीतरी ठोकून दिलं. साक्रीच्या मुलाला पहिल्या दोन ओळींत तीन-तीन मिळतात. ‘पयले... मंग... ते...’ असे टप्पे त्याने स्वतःच पाडून दिलेत, आणखी काय हवं? शहरातल्या मुलाला दुसऱ्या ओळीत एखादा गुण मिळेल. वाक्य सरळ होतं, पण त्यातून पुढचं पाऊल ऐकणाऱ्याला कळलं नाही.

यात एक मर्यादा आहे ती लपवत नाही. कारखान्यात सगळेच अहिराणी जाणणारे नसतात. नाशिकच्या सातपूरला किंवा चाकणला गेलेल्या मुलाचा सुपरवायझर नागपूरचा किंवा बिहारचा असू शकतो, आणि त्याला ‘देखसू’ चालेल पण ‘खोलीसन’ अडेल. म्हणून परीक्षकाने एकदा म्हणावं, ‘हेच मला प्रमाण मराठीत किंवा हिंदीत सांग, मी बाहेरचा आहे असं समज.’ मुलगा वळला तर पूर्ण गुण. अडखळला, थांबला, हाताने दाखवलं, तरी मुद्दा पोचला तर पूर्ण गुण. पोचलाच नाही तर दुसऱ्या ओळीत एक कमी. शिक्षा म्हणून नाही. त्याला सरावाची गरज कुठे आहे ते तक्त्यावर दिसावं म्हणून. धडगाव-अक्कलकुव्याकडची जी मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात त्यांच्यासाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. त्यांना प्रश्न विचारून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा आणि तोवर तोंड उघडू नका. तेवढ्या वेळात तो वाक्य जुळवत असतो, आणि आपण मध्येच ‘येत नाही का? बरं, पुढचा प्रश्न’ म्हणून टाकतो.

इंग्रजीचंही असंच. बोलायला लावण्यापेक्षा वर्कशॉपमधली खरी मोटर टेबलावर ठेवा आणि नेमप्लेट वाचून घ्या. 5 HP, 3.7 kW, 415 V, 50 Hz, 1440 RPM. ‘१४४० कसं? १५०० का नाही?’ असं विचारा. चार पोलच्या मोटरला ५० हर्ट्झवर क्षेत्राचा वेग १५०० येतो, रोटर त्याच्या थोडा मागे राहतो, तो फरक म्हणजे स्लिप. इलेक्ट्रिशियनला लागणारं इंग्रजी वाचता येतं का, हे दोन मिनिटांत कळतं. मोटर पलीकडे ठेवून ‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ’ करून घेतलंत तर पाठांतर कळेल.

आणि सुपरवायझरना आवडेल असा संवादाचा एक प्रश्न देतो. ‘तुझी शिफ्ट संपली. मोटर अजून उघडी आहे. पुढच्या माणसाला काय सांगून जाशील?’ काय सापडलं, काय केलं, काय राहिलं, कुठला स्विच बंद आहे आणि कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढं आलं पाहिजे. किल्लीचं वाक्य ज्याला सुचतं त्याला मी डोळे झाकून कामावर घेईन.

व्यावसायिक वर्तनाकडे येतो. इथे कपड्यांचे गुण ठेवू नका. आयटीआयचा गणवेश स्वच्छ असला, बूट वर्कशॉपचे असले, की विषय संपला. नव्या शर्टाला गुण दिलेत की ते गुण बापाच्या खिशाला मिळाले. नजरेला नजर भिडवण्याचेही नकोत. आपल्याकडे मोठ्यांसमोर मान खाली घालणं हाच अदब मानला जातो, आणि साक्रीच्या मुलाचे चार गुण तिथेच गेले असावेत असा माझा संशय आहे.

मग काय मोजायचं? एक, वेळ आणि कागद. मार्कशीट, आधार, फोटो, ॲप्रेंटिसशिप पोर्टलच्या नोंदणीची प्रत एका फाइलमध्ये क्रमाने आहेत का. उशीर झाला असेल तर उशिराचे गुण न कापता त्याने काय केलं ते बघा. एसटी चुकली, बंद पडली, हे आपल्याकडे होतंच. निघतानाच फोन करून ‘सर, तासभर उशीर होईल’ कळवलं असेल तर पूर्ण गुण. दारात येऊन कारण सांगितलं तर एक. कारखान्यात हाच फरक पडतो, कारण आधी कळलं तर मागच्या शिफ्टचा माणूस थांबवून ठेवता येतो. लांबच्या गावांच्या मुलांचे नंबर मात्र दुपारी लावा, हे आपल्या हातात आहे.

दोन, खरेपणा. ‘स्टार-डेल्टा स्टार्टर जोडलाय का?’ या प्रश्नाला प्रत्येक जण ‘हो सर’ म्हणतो. पुढे विचारा, ‘स्वतः जोडलास, की शेजारी उभा होतास?’ जो म्हणाला ‘जोडला दुसऱ्याने, मी वायरी कापून दिल्या’ त्याला तीन. जो ‘मीच’ म्हणाला आणि टायमर कशासाठी असतो ते सांगू शकला नाही, त्याला शून्य. ‘माहीत नाही’ या उत्तराला ज्ञानात काही मिळणार नाही, पण इथे मिळालं पाहिजे, आणि मिळतं हे मुलांना आधी माहीत असलं पाहिजे. नाहीतर ती थापाच मारतील.

तीन, टोकल्यावर काय करतो. बरोबर उत्तर दिलं तरी एकदा मुद्दाम म्हणा, ‘नक्की? मला तर वेगळं वाटतं.’ लगेच माघार घेणारा आणि हुज्जत घालणारा, दोघांना कमी. ‘सर, मीटरने मोजून दाखवू का?’ म्हणणाऱ्याला तीन. हा टोला प्रत्येकाला सारखाच द्यायचा, एखाद्याची फिरकी घ्यायला नव्हे. आणि मुलींना ‘लग्न झाल्यावर नोकरी करशील का’, ‘रात्रपाळी घरचे करू देतील का’ हे मॉकमध्येही विचारायचं नाही. बाहेरचा परीक्षक विचारायला लागला तर तुम्ही थांबवा. ‘या ठिकाणी तीन शिफ्ट आहेत, तुला चालतील का?’ हा प्रश्न मुलामुलींना सारखाच विचारता येतो.

तक्ता झाला तरी दोन माणसं त्यावर सारखे गुण देतील असं नाही. पहिल्या दिवशी मुलं आत यायच्या आधी अर्धा तास काढा. मागच्या वर्षीच्या दोन मुलांना बोलावून खोटा इंटरव्ह्यू घ्या किंवा तुम्ही उतरवलेली हीच दोन उत्तरं सुपरवायझरांपुढे ठेवा. दोघांनी न बोलता टिक करायची आणि मग ओळ-ओळ ताडून बघायची. एका पायरीचा फरक असेल तर सोडून द्या. दोन पायऱ्यांचा पडला तर दोघांनी एकमेकांना ‘तू काय ऐकलंस?’ एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा एकाने ऐकलेलं दुसऱ्याने ऐकलेलंच नसतं. कधी वर्णनच मोघम निघतं, ते तिथेच पेनने दुरुस्त करा. सरासरी काढू नका.

इंटरव्ह्यू चालू असताना ज्या त्या उत्तरानंतर लगेच टिक करा, त्याच्या शेजारी ऐकलेले चार शब्द लिहा, आणि सगळं संपेपर्यंत बेरीज करू नका. पहिल्या दोन मिनिटांतली छाप पुढच्या सगळ्या रकान्यांवर सांडते. तुमचे आठ-आठ-आठ आणि चार-चार-चार हे त्याचंच लक्षण आहे. तिन्ही शीर्षकांत एकच आकडा दिसला की समजायचं, एकदाच मोजलंय आणि तीनदा लिहिलंय. म्हणून ओळख करून द्यायला लावणारा प्रश्न बिनगुणांचा ठेवा, मुलाचा घसा मोकळा होण्यापुरता.

एकाला १५ मिनिटं धरली तर २० मुलांचे पाच तास होतात. सलग घेतलंत तर शेवटच्या पाच जणांना थकलेले परीक्षक मिळतात, म्हणून दोन दुपारी करा. सुपरवायझरना दोन दुपारी जमणार नसतील तर त्यांना एकच दुपार बोलवा, पण सुरक्षेच्या ओळीत ज्यांना शून्य किंवा एक मिळालं त्यांचे दुसऱ्या खेपेचे इंटरव्ह्यू त्याच दुपारी ठेवा. त्यांचा वेळ तिथे सर्वांत उपयोगी पडेल.

तक्ता मुलांना आठवडाभर आधी वाटा, पायऱ्यांच्या वर्णनासकट. ‘मग ते पाठ करून येतील’ ही भीती धरू नका. मेन बंद करून टेस्टर तीनदा तपासायचं पाठ झालं तर बिघडलं काय? प्रश्न मात्र बदला. मोटरऐवजी घरगुती लाइनवर सतत ट्रिप होणारा आरसीसीबी द्या. दोष शोधण्याची ओळ तीच राहते. मुलांना हेही सांगा की रेल्वेसारख्या ठिकाणी ॲप्रेंटिसची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांच्या यादीवर होते, तिथे हा इंटरव्ह्यू कामी येणार नाही. हा तक्ता खाजगी कारखान्यांच्या टेबलासाठी आहे.

निकाल देताना ३६ पैकी किती ते शेवटी सांगा. आधी एकच ओळ निवडून सांगा, सगळ्यात कमी पडली ती, आणि ती सुधारायला वर्कशॉपमध्ये काय करायचं तेही. शहरातल्या मुलाला तुम्ही म्हणाल, ‘क्रमाच्या ओळीत शून्य आहे. सोमवारी मी स्टार्टर बोर्डावर एक फेज काढून ठेवीन, तू मीटर घेऊन शोधून दाखव आणि शोधताना तोंडाने बोलत जा.’ साक्रीच्या मुलाला म्हणाल, ‘मेन बंद केल्यावर टेस्टरचं राहिलं. आणि हेच उत्तर उद्या शेजारच्या फिटरच्या वर्गातल्या मुलाला सांग, त्याला कळेपर्यंत.’ पंधरा दिवसांनी दोघांची तेवढीच ओळ पुन्हा तपासा, वेगळ्या दोषावर. पूर्ण इंटरव्ह्यू परत घ्यायची गरज नाही.